घटक ७ : जामीन अर्जाचा मसुदा

७.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन अर्ज आणि प्रतिज्ञापत्र यांच्या लेखनाचा अभ्यास केला. या घटकात न्यायालयीन मराठीतील एका नित्याच्या लेखनप्रकाराकडे वळू. तो म्हणजे किरकोळ गुन्ह्यात अटकेत असलेल्या आरोपीसाठी केलेला जामीन अर्ज. १९९८ च्या अधिसूचनेनंतर महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. त्यामुळे असे अर्ज मराठीत लिहिले जातात आणि मराठीतच वाचले जातात. वकिलाच्या कार्यालयात किंवा विधी सेवा केंद्रात काम करणाऱ्या मराठीच्या पदवीधराला हा मसुदा करण्याची वेळ येऊ शकते.

हा अर्ज लिहिताना एक गोष्ट प्रथम मनात ठसवून घ्यावी. जामीन अर्जात आरोपी निर्दोष आहे की नाही, याचा निर्णय मागितलेला नसतो. तो निर्णय खटल्याच्या शेवटी होईल. तोपर्यंत आरोपी तुरुंगाबाहेर राहिल्यास तपासाला व खटल्याला बाधा येणार नाही, एवढेच न्यायालयाला पटवून द्यायचे असते. अर्जातील प्रत्येक वाक्याची निवड या एका कसोटीवर करावयाची आहे.

७.२ अभ्यासासाठी प्रकरण

पुढील प्रकरण केवळ सरावासाठी रचलेले आहे. स्थळे मात्र रायगड किनाऱ्यावरील खरी आहेत.

‘अबक’ हा २४ वर्षांचा तरुण थळ, तालुका अलिबाग येथील रहिवासी आहे. तो आक्षी-साखर येथील एका नौकेवर खलाशी म्हणून काम करतो. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलै रोजी संपली आणि हंगाम सुरू झाला. नौकामालकाकडून त्याने हंगामाची उचल म्हणून २०,००० रुपये घेतले आहेत. दि. १७ ऑगस्ट २०२५ च्या रात्री थळच्या किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेली नायलॉनची तीन जाळी चोरीस गेली. जाळ्यांच्या मालकाने दि. १८ रोजी फिर्याद दिली व जाळ्यांची किंमत १८,००० रुपये सांगितली. त्याच सायंकाळी अबकला अटक झाली. दि. १९ रोजी त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर हजर करून दि. २१ पर्यंत पोलीस कोठडी घेण्यात आली. दि. २० रोजी सुरूच्या बनातून तिन्ही जाळी पंचनाम्याने जप्त झाली. दि. २१ रोजी त्याची रवानगी ४ सप्टेंबरपर्यंत न्यायालयीन कोठडीत झाली. सध्या तो अलिबागच्या जिल्हा कारागृहात, म्हणजे हिराकोट किल्ल्यात आहे. त्याच्यावर पूर्वीचा एकही गुन्हा नाही. घरी आई आहे. घर गावठाणात असून जमिनीचा सातबारा त्याच्या किंवा आईच्या नावे नाही.

अबक आत राहिला तर नौका दुसरा खलाशी घेऊन जाईल, हंगाम हुकेल आणि उचल मात्र अंगावर राहील. ही हानी खरी आहे. तथापि ती अर्जात कोठे आणि किती शब्दांत यावी, हा लेखनाचा प्रश्न आहे.

७.३ आधी कलम निश्चित करा

मसुद्याचा पहिला शब्द लिहिण्यापूर्वी गुन्हा जामीनपात्र आहे की अजामीनपात्र, हे ठरवावे लागते. अर्जाचे स्वरूप त्यावर अवलंबून असते. दि. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ लागू आहेत. त्यामुळे त्या तारखेनंतर घडलेल्या गुन्ह्याच्या अर्जात जुन्या दंड संहितेची कलमे लिहू नयेत. जुन्या नमुन्यावरून उतरवलेल्या मसुद्यांत ही चूक हमखास आढळते.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ नुसार जामीन देण्याची तयारी दाखवली की पुरे. लांबलचक कारणे देण्याची गरज नसते. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन देणे न्यायालयाच्या विवेकाधीन असते, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे कलम ४८० खाली कारणांसह अर्ज करावा लागतो.

चोरीचा गुन्हा न्याय संहितेच्या कलम ३०३(२) मध्ये येतो. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी आहे. चोरीच्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरत असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत झाली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितलेली आहे. तो प्रकार जामीनपात्र आहे. आपल्या प्रकरणात किंमत १८,००० रुपये सांगितली असल्याने ही वाट बंद होते आणि अर्ज कलम ४८० खाली करावा लागतो.

जाळी कोठून गेली, हेही पाहावे. ती घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून गेली असती, तर कलम ३०५ लागून शिक्षेची मर्यादा सात वर्षांपर्यंत गेली असती. येथे ती किनाऱ्यावर उघड्यावर होती. म्हणून फिर्यादीची प्रत स्वतः वाचल्याशिवाय कलमाचा उल्लेख करू नये. नातेवाइकांच्या सांगण्यावर विसंबू नये.

७.४ एक सदोष परिच्छेद

नवशिक्या लेखकाकडून पुढीलसारखा परिच्छेद लिहिला जातो. तो लक्षपूर्वक वाचा.

“अर्जदार हा अत्यंत गरीब, सालस व निष्पाप तरुण असून त्याला खोट्या गुन्ह्यात गोवण्यात आले आहे. त्याने चोरलेली जाळी पोलिसांना परत काढून दिली आहेत. तो घरातील एकमेव कमावता असून त्याच्या वृद्ध मातेवर उपासमारीची वेळ आली आहे. तरी दयाळू न्यायालयाने त्याच्यावर कृपा करावी.”

या परिच्छेदात कळकळ आहे, परंतु तो आरोपीच्याच विरुद्ध जातो. पहिल्या वाक्यात तो निष्पाप आहे, आणि दुसऱ्या वाक्यात त्याने जाळी ‘चोरलेली’ आहेत. ‘चोरलेली’ या एका विशेषणाने आरोपीच्या स्वतःच्या अर्जात गुन्ह्याची कबुली आली. हा अर्ज प्रकरणाच्या कागदपत्रांत कायम राहतो, आणि असे वाक्य लिहून मोकळे झाल्यावर ते परत घेता येत नाही.

यासाठी न्यायालयीन मराठीत विधानाचा कर्ता कोण, हे प्रत्येक वेळी सांगितले जाते. जे सरकार पक्ष म्हणतो, ते ‘सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार’ असे लिहावे. जे कागदावर आहे, ते ‘पंचनाम्यावरून दिसते की’ असे लिहावे. अर्जदार स्वतः ज्याची हमी देतो, तेवढ्याच विधानाचा कर्ता ‘अर्जदार’ असावा. वरील दुसरे वाक्य या पद्धतीने असे होईल : “सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार फिर्यादीतील तिन्ही जाळी दि. २०/०८/२०२५ रोजी पंचनाम्याने जप्त झालेली आहेत. सबब जप्तीचे काम शिल्लक नाही.” वस्तुस्थिती तीच राहिली, कबुली गेली, आणि त्याच वाक्यातून जामिनाचे एक कारणही निघाले.

‘गरीब’, ‘सालस’, ‘वृद्ध’ या विशेषणांची अडचण वेगळी आहे. ती खोटी असतील असे नाही. ती पडताळता येत नाहीत. न्यायाधीशांसमोर एका दिवसात अनेक अर्ज येतात आणि बहुतेकांत हीच विशेषणे असतात. ‘गरीब’ लिहिण्याऐवजी ‘अर्जदाराच्या नावे शेतजमीन नाही’ असे लिहावे. ‘सालस’ऐवजी ‘अर्जदाराविरुद्ध यापूर्वी कोणताही गुन्हा नोंद नाही’ असे लिहावे, पण चौकशी करून खात्री झाल्यावरच. ‘यापूर्वी शिक्षा झालेली नाही’ आणि ‘यापूर्वी गुन्हा नोंद नाही’ या विधानांत फरक आहे, हेही ध्यानात घ्या. पोलिसांच्या अहवालात जुना गुन्हा निघाला, तर अर्जातील बाकीची खरी विधानेही संशयास्पद ठरतात.

७.५ विरोधाचा अंदाज

अर्ज दाखल झाल्यावर न्यायालय सहायक सरकारी अभियोक्ता व तपासी अंमलदार यांचे म्हणणे मागवते. त्या म्हणण्यात सामान्यतः तीन मुद्दे असतात : आरोपी पळून जाईल, साक्षीदारांवर दबाव आणील, आणि पुन्हा तसाच गुन्हा करील. मसुद्यात या तिन्हींना आधीच उत्तर असले पाहिजे.

पहिल्याला उत्तर सोपे आहे. थळचे राहते घर, तेथील आई आणि आक्षी-साखरच्या नौकेवरील काम ही आरोपीला बांधून ठेवणारी कारणे आहेत. नौकामालकाचे पत्र जोडले की हंगामाच्या कामाचा मुद्दा येथेच, एका वाक्यात बसतो. हंगाम हुकेल या दुःखाऐवजी ‘काम आहे म्हणून तो येथेच राहील’ असा त्याचा उपयोग होतो.

दुसरा मुद्दा या प्रकरणात खरोखर अवघड आहे. फिर्यादी आणि आरोपी एकाच गावचे असून त्यांची रोज गाठ पडणार. ‘अर्जदार साक्षीदारांवर दबाव आणणार नाही’ एवढे कोरडे आश्वासन येथे पुरत नाही. त्यापेक्षा दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत अर्जदार आक्षी-साखर येथे, नौकामालकाने दिलेल्या जागेत राहील, असा ठोस प्रस्ताव द्यावा. विरोधी मुद्दा लपवण्यापेक्षा त्यावर उपाय सुचवणारा अर्ज अधिक विश्वासार्ह ठरतो.

तिसऱ्या मुद्द्याला पूर्वीचा गुन्हा नसणे हे उत्तर आहे. शिवाय चोरी न्याय संहितेच्या सतराव्या प्रकरणात येत असल्याने कलम ४८०(३) नुसार काही अटी घातल्याच जातात : बंधपत्राप्रमाणे हजर राहणे, तसाच गुन्हा न करणे आणि साक्षीदारांना फूस किंवा धमकी न देणे. या अटी मान्य असल्याचे अर्जातच लिहावे.

७.६ नमुना मसुदा

मे. न्यायदंडाधिकारी, प्रथम वर्ग, अलिबाग यांचे न्यायालयात
फौजदारी किरकोळ अर्ज क्र. ……… / २०२५
(…… पोलीस ठाणे, गु. र. नं. …… / २०२५)

अबक, वय २४ वर्षे, व्यवसाय : खलाशी,
रा. थळ, ता. अलिबाग, जि. रायगड
(सध्या न्यायालयीन कोठडीत) … अर्जदार / आरोपी

विरुद्ध

महाराष्ट्र शासन (…… पोलीस ठाण्यामार्फत) … सरकार पक्ष

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ चे कलम ४८० अन्वये जामिनासाठी अर्ज

अर्जदारातर्फे नम्र विनंती अर्ज येणेप्रमाणे :

१. अर्जदारास वरील गुन्ह्यात भारतीय न्याय संहिता, २०२३ चे कलम ३०३(२) खाली दि. १८/०८/२०२५ रोजी अटक झाली. दि. १९/०८/२०२५ ते २१/०८/२०२५ या काळात तो पोलीस कोठडीत होता. दि. २१/०८/२०२५ पासून तो न्यायालयीन कोठडीत आहे.

२. सरकार पक्षाचे म्हणणे थोडक्यात असे की, दि. १७/०८/२०२५ रोजी रात्री थळ येथील किनाऱ्यावरून फिर्यादीची अंदाजे १८,००० रुपये किमतीची तीन जाळी चोरीस गेली. अर्जदारास हे आरोप मान्य नाहीत.

३. सरकार पक्षाच्या म्हणण्यानुसार तिन्ही जाळी दि. २०/०८/२०२५ रोजी पंचनाम्याने जप्त झालेली आहेत. अर्जदाराची पोलीस कोठडी संपली आहे. सबब तपासकामी त्याला अधिक काळ अटकेत ठेवण्याची आवश्यकता नाही.

४. सदर गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची शिक्षा आहे. खटला निकाली निघण्यास काळ लागेल.

५. अर्जदार थळ येथील कायमचा रहिवासी असून त्याची आई तेथे राहते. तो आक्षी-साखर येथील नौकेवर चालू हंगामासाठी खलाशी म्हणून नेमलेला आहे. नौकामालकाचे पत्र सोबत जोडले आहे. तो फरार होण्याची शक्यता नाही.

६. अर्जदाराविरुद्ध यापूर्वी कोणताही गुन्हा नोंद नाही.

७. फिर्यादी अर्जदाराच्याच गावचा आहे. याकरिता दोषारोपपत्र दाखल होईपर्यंत अर्जदार आक्षी-साखर येथे राहण्यास व फिर्यादी किंवा साक्षीदार यांच्याशी संपर्क न ठेवण्यास तयार आहे.

८. अर्जदार मे. न्यायालय घालील त्या सर्व अटी पाळण्यास तयार आहे. अर्जदार मासेमारीच्या फेरीवर पाच-सहा दिवस समुद्रात असतो. पोलीस ठाण्यात हजेरीची अट घातल्यास ती पंधरवड्यातून एकदा असावी, व त्या दिवशी तो समुद्रात असल्यास परतल्यापासून २४ तासांत हजेरी देण्याची मुभा असावी, अशी विनंती आहे.

९. अर्जदाराच्या किंवा त्याच्या आईच्या नावे शेतजमीन नाही. सबब जातमुचलक्यावर, अथवा जामीनदाराऐवजी कलम ४९० अन्वये वाजवी रोख रक्कम स्वीकारून सुटका व्हावी, अशी विनंती आहे.

१०. याच गुन्ह्यासंबंधी अर्जदाराचा अन्य कोणताही जामीन अर्ज कोणत्याही न्यायालयात प्रलंबित नाही अथवा निकाली निघालेला नाही.

सबब विनंती की, अर्जदारास योग्य त्या अटींवर जामिनावर मुक्त करण्याचा हुकूम व्हावा.

अलिबाग
दि. २२/०८/२०२५
अर्जदारातर्फे वकील

७.७ मसुद्याची चर्चा

प्रत्येक परिच्छेदात एकच मुद्दा आहे. त्यामुळे सरकार पक्षाला ‘परिच्छेद ५ नाकबूल’ असे नेमके उत्तर देता येते आणि आदेशातही तेवढ्याच मुद्द्याचा उल्लेख करता येतो. ‘अर्जदार’ हा शब्द सर्वत्र तृतीयपुरुषी आहे. ‘मी’ कोठेही नाही. ‘सबब’ हा शब्द जेथे आधीच्या विधानातून निष्कर्ष निघतो तेथेच वापरला आहे. ‘अर्जदारास हे आरोप मान्य नाहीत’ हे वाक्य लहान असले तरी गाळू नये, कारण त्याच्या आधी सरकार पक्षाची कथा सांगितली आहे.

परिच्छेद ८ व ९ यांकडे विशेष लक्ष द्या. जामीन मंजूर झाला म्हणजे आरोपी सुटला, असे होत नाही. अट पूर्ण केल्यावरच तो सुटतो. जामीनदाराकडे सामान्यतः सातबारा उतारा, घरपट्टीची पावती किंवा ऐपतीचा दाखला मागितला जातो. ज्यांच्याकडे जमीन नाही, अशा कुटुंबाला हे कागद देणारा माणूस शोधावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत आदेश हातात असूनही आरोपी आतच राहतो. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७८ च्या प्रकरणात नेमके हेच घडले होते. एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला होता. परंतु दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडण्याचा आदेश दिला. जामिनाची रक्कम व स्वरूप आरोपीच्या ऐपतीशी जुळले पाहिजे, हे त्या निकालाचे सार आहे. म्हणून अबकला जी अट पाळता येईल ती अर्जातच सुचवली आहे. अट पुढे बदलून घेण्यासाठी दुसरा अर्ज करावा लागतो आणि त्यात पुन्हा दिवस जातात.

हजेरीच्या अटीचेही तसेच. ‘दर सोमवारी हजेरी’ ही नित्याची अट खलाशाला पाळता येत नाही. ती मोडली, तर जामीन रद्द करण्यासाठी सरकार पक्षाला कारण मिळते. म्हणून कामाचे स्वरूप अटीच्या शेजारी सांगितले आहे.

मसुदा उत्तम असला, तरी जामीन मिळेलच असे नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळल्यास कलम ४८३ खाली अलिबाग येथील सत्र न्यायालयात अर्ज करता येतो. त्या वेळी परिच्छेद १० बदलावा लागेल. फेटाळलेल्या अर्जाची तारीख व क्रमांक लिहिणे तेथे आवश्यक ठरते. ही माहिती दडवली, तर तेवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

७.८ सरावासाठी प्रश्न

१. ‘अर्जदाराने रागाच्या भरात शेजाऱ्याला मारले, पण त्याला फारशी दुखापत झाली नाही’ हे वाक्य जामीन अर्जात आल्यास काय हानी होईल, ते सांगा. विधानाचा कर्ता स्पष्ट होईल अशा रीतीने ते पुन्हा लिहा.

२. अबक मूळचा दुसऱ्या जिल्ह्यातील असून हंगामापुरता आक्षी-साखरला आला आहे, असे समजा. परिच्छेद ५, ७ व ९ नव्याने लिहा. फरार होण्याच्या मुद्द्याला आता कोणती पडताळण्याजोगी उत्तरे देता येतील, याचा प्रथम विचार करा.

३. जाळ्यांची किंमत ४,००० रुपये असती आणि ती परत मिळालेली असती, तर अर्जाचे कलम, लांबी आणि कारणे यांत कोणता फरक पडला असता, ते दहा ओळींत स्पष्ट करा.